तीनदा येणारी अकरा तारीख

2 जून 2025, सोमवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास माझ्या टीममधल्या एका इंजिनिअरचा मेल आला. विषयाच्या ओळीत राजीनामा हा शब्द होता आणि त्याला लागूनच एक तारीख. खराडीतल्या आमच्या ऑफिसात मी बरीच वर्षं टीम सांभाळतो आहे आणि आजवर चाळीसेक राजीनामे माझ्या हातून पुढे गेले असतील. हा एकच मी ठेवून दिला आणि पुन्हा पुन्हा वाचला. दर वाचनात त्यात आधी न दिसलेलं काहीतरी सापडत गेलं. शेवटी तिला विचारलं की यावर लिहू का. ती म्हणाली, लिहा, फक्त माझं नाव नको आणि कंपनीचंही नको.

मेल अर्थातच इंग्रजीत होता. खाली दिलंय ते माझं मराठी. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत फरक नसल्याने तिथे मला निवड करावी लागली. ती माझ्याशी मराठीत बोलते तेव्हा ‘तुम्ही’ म्हणते, म्हणून इथेही तेच ठेवलं.

> आज मी राजीनामा देत आहे. सकाळी तुम्हाला प्रत्यक्ष सांगितलं, त्याची ही लेखी नोंद. करारानुसार नोटीस नव्वद दिवसांची आहे. आजपासून मोजली तर ती 30 ऑगस्टला संपते, उद्यापासून मोजली तर 31 ला. एक शनिवार, एक रविवार. म्हणून शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, 29 ऑगस्ट धरावा.
>
> टीममध्ये अजून कोणाला सांगितलेलं नाही. कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा.
>
> तीन कामं आज फक्त मला येतात: रात्रीचा सेटलमेंट जॉब, बँकेच्या फायलींचा पार्सर आणि महिन्याचा जीएसटी रिपोर्ट. बाकीचं माझं काम टीममध्ये आणखी किमान एकाला येतं.
>
> जूनमध्ये काम मी करीन आणि लिहून ठेवीन. जुलैत नवा माणूस माझ्या शेजारी बसेल. 1 ऑगस्टपासून काम तो करेल आणि मी त्याच्या शेजारी बसेन. हस्तांतर 14 ऑगस्टला पूर्ण झालं असं धरू. त्यानंतरचे दोन आठवडे मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. 27 ला गणपती आहेत, बरेच जण सुटीवर असतील.
>
> चार गोष्टी माझ्या वैयक्तिक लॉगिनवर चालतात. माझं खातं बंद झालं की त्याही बंद पडतील. यादी जोडली आहे. 31 जुलैच्या आत त्या माझ्या नावावरून हलवीन.
>
> मार्चमधली ताळमेळाची चूक मी तात्पुरती बांधून ठेवली होती, दुरुस्त केली नव्हती. जाण्याआधी करीन. नाही जमली तर ती नेमकी कुठे आहे ते लिहून ठेवीन.
>
> गेल्या दिवाळीत मी गावी असताना रात्रीचा जॉब पडला. तुम्ही मला फोन केला नाहीत, स्वतः चार तास बसून तो चालू केलात. ते माझ्या लक्षात आहे. आभार.

एवढाच मेल. आता तो सावकाश वाचू.

पहिला परिच्छेद नुसता तारखांचा वाटतो. पण ज्यांनी पेपर टाकलेत, किंवा दुसऱ्यांचे पेपर स्वीकारलेत, त्यांना ठाऊक असतं की नोटीस पिरियडमधली पहिली कुरबुर इथूनच सुरू होते. राजीनाम्याचा दिवस मोजायचा की नाही? नव्वद दिवस कॅलेंडरचे की कामाचे? शेवटचा दिवस सुटीचा आला तर तो मागे घ्यायचा की पुढे? एचआर, मॅनेजर आणि जाणारा माणूस यांच्यात यावर चार-पाच मेल होतात. तिकडे नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख हवी असते, म्हणून प्रत्येक मेलला थोडी धार चढते. हिने दोन्ही प्रकारे मोजून पाहिलं आणि दाखवून दिलं की कसंही मोजलं तरी शेवटचा कामाचा दिवस तोच पडतो. जून त्याच दिवसापासून एकोणतीस दिवसांचा, जुलै एकतीस, म्हणजे ऑगस्टचे तीस. वाद व्हायच्या आधीच तिने तो निकामी केला, तेही त्याचा उल्लेख न करता. ‘एक शनिवार, एक रविवार’ हे छोटं वाक्य मला विशेष आवडतं. त्यात क्रियापद नाही, त्याची गरजही नाही. हिशेब जुळला की माणूस असंच बोलतो.

कारण मात्र कुठेच दिलेलं नाही. कुठे चालली, का चालली, पगार किती वाढला, इथे काय खुपलं, यातलं काही नाही. सकाळी केबिनमध्ये ती माझ्याशी वीस मिनिटं बोलली आणि त्यात कारणं होती. एक-दोन मला लागलीही. ती बोलण्यात राहिली, मेलमध्ये उतरली नाहीत. राजीनाम्याचा मेल मॅनेजरच्या नावाने लिहिला तरी तो मॅनेजरपुरता राहत नाही. माझ्याकडून एचआरकडे, तिथून माझ्या वरिष्ठांकडे, पुढे फायनान्सकडे, आणि शेवटी तिच्या फाईलमध्ये. रिलीव्हिंग लेटरची तारीख त्यावरून ठरते, फुल अँड फायनलचा हिशेब त्यावरून सुरू होतो. शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांची चौकशी तिने एचआरला वेगळ्या मेलने केली होती. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो आणि तिची सहा झाली होती. ते या मेलमध्ये मिसळलं असतं तर पुढच्या महत्त्वाच्या ओळी पैशांच्या ओळींखाली दबल्या असत्या. कोणत्या वाचकाला काय सांगायचं, याची तिची समज इथे दिसते.

तिसऱ्या परिच्छेदापाशी आलो की मी नेहमी थांबतो. ‘तीन कामं आज फक्त मला येतात.’ राजीनाम्यात सहसा असं वाक्य येत नाही. येतं ते ‘सुरळीत हस्तांतरासाठी मी सर्वतोपरी सहकार्य करीन’. ते वाक्यही मनापासूनच लिहिलेलं असतं, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण ते वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने काय करायचं, हे त्यातून कळत नाही. ‘तीन’ म्हटलं की कळतं: तीन कामं, म्हणजे एक माणूस की दोन, कोणाला कुठून मोकळं करायचं, कोणतं काम तीन महिने पुढे ढकलायचं. मी त्याच दुपारी कागद घेऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत टीममधला तीन वर्षांचा अनुभव असलेला एक मुलगा या कामासाठी ठरवला. तिची यादी सतरा कामांची असती तर ते संध्याकाळपर्यंत झालं नसतं. त्यातली चौदा कुणाला ना कुणाला येतच होती.

शिवाय असं लिहायला एक प्रकारची धिटाई लागते. काम फक्त आपल्याला येतं हे नोकरीत असताना बळ असतं आणि नोकरी सोडताना तीच अडचण होते. लोक ते झाकतात. काहीजण त्याचा उपयोग थोडं लवकर सुटण्यासाठी किंवा थोडे अधिक पैसे मागण्यासाठी करतात. हिने पहिल्याच दिवशी आपली सगळी पानं उघडी करून टेबलावर ठेवली.

चौथा परिच्छेद हा या मेलचा गाभा आहे, आणि तो मला पहिल्या वाचनात कळला नव्हता.

‘जूनमध्ये काम मी करीन आणि लिहून ठेवीन. जुलैत नवा माणूस माझ्या शेजारी बसेल. 1 ऑगस्टपासून काम तो करेल आणि मी त्याच्या शेजारी बसेन.’ तीन वाक्यांत जागांची अदलाबदल होते. आधी ती एकटी. मग ती कामावर आणि तो शेजारी. मग तो कामावर आणि ती शेजारी. आमच्या धंद्यात याला केटी आणि रिव्हर्स केटी म्हणतात. हे शब्द सगळ्यांना येतात, पण केटी म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन लांबलचक मीटिंगा, त्यांचं रेकॉर्डिंग आणि शेवटी ‘कळलं ना?’ – ‘कळलं.’ दुसरा अर्धा भाग, म्हणजे नव्याने काम करून दाखवायचं आणि जुन्याने हात मागे बांधून बघत राहायचं, तो शेवटच्या आठवड्याच्या धावपळीत गळून जातो. इथे त्याला सबंध दोन आठवडे दिले होते.

पहिल्यांदा वाचताना मला ही सुबक आखणी वाटली. महिना-महिना-अर्धा महिना. शेवटच्या पंधरवड्याचं कारण तिने दिलंच होतं, गणपती. पुण्यात कुणाला ते समजावून सांगावं लागत नाही. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, जीएसटीचा रिपोर्ट गेला त्या दिवशी, मेल परत उघडला आणि चमकलो. दरमहा विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचं असतं. आमचा रिपोर्ट त्यासाठी लागतो. म्हणजे ते काम रोजचं नाही, महिन्यातून एकदाच येतं. रात्रीचा जॉब नव्वद दिवसांत नव्वद वेळा शिकवता येतो. हे काम नव्वद दिवसांत तीनदाच येतं: 11 जून, 11 जुलै, 11 ऑगस्ट.

आता तिची तीन वाक्यं पुन्हा वाचा. पहिल्या अकराला ती करते आणि लिहिते. दुसऱ्या अकराला तो शेजारी बसून बघतो. तिसऱ्या अकराला तो करतो आणि ती बघते. चौथी अकरा तारीख सप्टेंबरात येते, तेव्हा ती नसते. सगळी आखणी या एका कामाच्या चालीवर बेतलेली होती, कारण त्याचीच आवर्तनं सगळ्यात कमी होती. जूनमध्ये लिहिण्याचा एक आठवडा जरी वाया गेला असता तरी पहिली अकरा हातची गेली असती, आणि मग दोनच उरल्या असत्या: एक बघण्याची, एक करण्याची, आणि दोन्हींच्या खाली लिहिलेलं काहीच नाही. 14 ऑगस्टसुद्धा गणपतीपासून मागे मोजून काढलेली तारीख नव्हती. 11 ऑगस्टचा रिपोर्ट गेला, त्यावर काही शंका आली तर निस्तरायला तीन दिवस, मग 14. गणपती त्यात नंतर येऊन बसले.

हे तिने मेलमध्ये सांगितलेलं नाही. का नाही, याचा मी विचार केला. मला वाटतं, तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतंच. सहा वर्षं ज्याच्या अंगात 11 तारीख भिनली आहे, तो तीन महिने आखायला बसला की आखणी आपोआप त्या तारखेभोवती उभी राहते. रसग्रहणात आपण कवीच्या शब्दांखालची लय शोधतो ना, तशी ही लय आहे. लिहिणाऱ्याने ती मुद्दाम ठेवलेली नसते, पण तिच्याशिवाय रचना उभी राहत नाही.

पुढचा परिच्छेद चार गोष्टींचा आहे आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. ‘माझं खातं बंद झालं की त्याही बंद पडतील.’ शेवटच्या दिवशी संध्याकाळी आयटी विभाग जाणाऱ्याचं खातं बंद करतो. ते योग्यच आहे. पण सहा वर्षांत माणूस बऱ्याच गोष्टी आपल्या नावाने सुरू करतो, कारण त्या दिवशी घाई असते आणि आपलं नाव हाताशी असतं. जोडलेल्या यादीत पहिली ओळ रात्रीच्या जॉबची होती. तो एका जुन्या सर्व्हरवर, तिच्या स्वतःच्या खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये होता:

```
30 19 * * * ~/settle/run.sh
```

रोज 19:30 ला स्क्रिप्ट चालव, एवढाच याचा अर्थ. खातं गेलं की काय होतं? सर्व्हरवर क्रॉनटॅबची फाईल तशीच पडून राहते, पण त्या नावाचा माणूस यंत्राला सापडत नाही. मग क्रॉन लॉगमध्ये एक ओळ लिहितो, `ORPHAN (no passwd entry)`, आणि गप्प बसतो. अनाथ. काम अनाथ झालं, असं यंत्र अक्षरशः नोंदवतं. पण तो लॉग कोण वाचतं? पाच-सहा दिवसांनी फायनान्समधून फोन आला की तेव्हा कळतं.

यादीतली दुसरी गोष्ट बँकेच्या सर्व्हरवर फायली घ्यायला जाणारी किल्ली, म्हणजे एसएसएचची की. तीही तिच्या नावाने नोंदवलेली. ती बदलायला लेटरहेडवर पत्र, अधिकृत सही आणि बँकेच्या बाजूने तपासणी लागते. आम्ही 9 जूनला सुरुवात केली आणि सात आठवडे गेले. शेवटच्या आठवड्यात ही गोष्ट आठवली असती तर काही इलाज नव्हता. तिसरी होती एका सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाची सूचना. ती दोन मिनिटांत हलली. चौथी होती तिचा स्वतःचा इनबॉक्स. फाईलचा साचा बदलणार असेल तर बँक एक मेल पाठवते आणि तो फक्त तिला यायचा. आपला इनबॉक्स ही कंपनीची चालू यंत्रणा आहे हे ओळखून तो यादीत घालणं, याला मी मनापासून दाद देतो. इतक्या वर्षांत असं करणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

पण या परिच्छेदाचं मर्म 31 जुलै या तारखेत आहे. जायला महिना असताना या गोष्टी हलवायच्या कशाला? ते जुलै संपायच्या आतच कळलं.

22 जुलैला संध्याकाळी रात्रीचा जॉब नव्या यंत्रावर, सर्व्हिस अकाउंटवर हलवला. जुन्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, नव्याचं भारतीय वेळेवर. 19:30 यूटीसी म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक. म्हणून वेळ बदलून 01:00 केली, जे अगदी बरोबर होतं. सकाळी जॉब हिरवा होता, तक्रार कुठलीच नाही. नव्या मुलाला मात्र शेजारी बसून आकडे बघायची सवय लागली होती. तो म्हणाला, नोंदी शून्य आहेत.

झालं असं की स्क्रिप्ट फाईलचं नाव आजच्या तारखेवरून बनवत होती, `date +%F`. जुन्या सर्व्हरवर आपल्याकडे रात्रीचा एक वाजायचा तेव्हा यूटीसीत अजून आदला दिवस चालू असायचा. त्यामुळे ‘आज’ म्हटलं की आपल्याला हवा तोच, म्हणजे कालचा दिवस मिळायचा. सहा वर्षं हे बरोबर चाललं ते या साडेपाच तासांच्या अंतरामुळे. घड्याळ भारतीय झालं आणि ‘आज’ खरोखरच आज झालं, ज्या दिवसाची फाईल बँकेने अजून बनवलेलीच नव्हती. स्क्रिप्टने फाईल नाही म्हणजे नोंदी शून्य असं धरलं आणि ती यशस्वी होऊन संपली. दुरुस्ती एका ओळीची:

```
TZ=Asia/Kolkata date -d yesterday +%F
```

तिला हे ठाऊक नव्हतं. ती स्क्रिप्ट तिच्याही आधीच्या कुणाची होती. म्हणजे हस्तांतराच्या कुठल्याही कागदात ही गोष्ट येऊ शकली नसती, कारण ती कुणाच्या डोक्यातच नव्हती, यंत्राच्या घड्याळात होती. ती बाहेर येण्याचा एकच मार्ग होता: जॉब हलवायचा, आणि तो हलल्यावर जे मोडेल ते मोडताना ती खुर्चीत असायला हवी. 29 ऑगस्टला हलवला असता तर 30 च्या पहाटे शून्य नोंदींचा हिरवा जॉब आम्हीच बघितला असता, आणि कदाचित बघितलाही नसता. म्हणून ‘31 जुलैच्या आत’ हे शब्द मला या मेलमधले सगळ्यात मोलाचे वाटतात.

आता एक उणीव. ‘बाकीचं माझं काम टीममध्ये आणखी किमान एकाला येतं’ हे वाक्य अगदी खरं ठरलं नाही. शून्याचा तो प्रकार झाल्यावर ऑगस्टात मुलाने शहाणपणाने एक अलार्म लावला: रविवार सोडून कुठल्याही दिवसाच्या नोंदी शून्य आल्या की फोन वाजवायचा. 10 ऑगस्टला पहाटे एक वाजता त्याचा फोन वाजला. त्याने घाबरून तिला उठवलं. ती झोपेतच म्हणाली, “अरे, काल दुसरा शनिवार होता ना? बँकेला सुटी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी त्यांची फाईल येत नाही. शून्यच बरोबर आहे. झोप.” आणि फाईल नसली तरी स्क्रिप्ट शांत का राहते, याचंही कारण तेव्हा उलगडलं. अशाच सुट्यांसाठी ती तशी लिहिलेली होती. त्या सवलतीतूनच जुलैची चूक निसटून गेली होती.

हे शून्य बरोबर आणि ते शून्य चूक, हे तिला आकडा बघताक्षणी कळायचं. पण ते आपल्याला कळतं हे तिला कळत नव्हतं, म्हणून यादीत आलं नाही. तिला मी दोष देत नाही. माणूस आपल्याला काय येतं याची यादी करायला बसला की कामांची नावं लिहितो. कामाकडे बघण्याची नजर त्या यादीत लिहायची राहून जाते. मेल त्याबाबतीत अपुरा होता, पण आखणी पुरी पडली: ती अजून शेजारी बसण्याच्या पंधरवड्यात होती, फोन उचलायला होती. दुसऱ्या दिवशी मुलाने अलार्मला बँकेच्या सुट्यांचं कॅलेंडर जोडलं. 23 ऑगस्टला चौथा शनिवार होता. तो ते मोकळे ठेवलेले दिवस सुरू झाल्यानंतरचा. त्या रात्री नोंदी शून्य होत्या आणि फोन वाजला नाही.

मार्चच्या चुकीचा परिच्छेद छोटा आहे. ‘तात्पुरती बांधून ठेवली होती’ असं मी केलं, तिच्या मूळ शब्दात जखमेवर बांधलेल्या पट्टीची छटा होती. ताळमेळात काही पैशांचा फरक पडत होता आणि तिने एक दुरुस्तीची नोंद घालून तो मिटवला होता. तिच्याशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं, आणि न सांगता निघून गेली असती तर पुढच्या ऑडिटपर्यंत कळलंही नसतं. राजीनाम्याच्या मेलमध्ये, जो एचआरपर्यंत जाणार हे माहीत असताना, माणूस आपली चूक लिहितो हे विरळा. आणि तिने वचन किती मोजून दिलंय ते बघा. ‘जाण्याआधी करीन. नाही जमली तर ती नेमकी कुठे आहे ते लिहून ठेवीन.’ दुसरं वाक्य नसतं तर पहिल्यावर माझा इतका विश्वास बसला नसता. दुरुस्ती जमली नाही. राउंडिंगचा प्रश्न पार्सरच्या फार खोलात निघाला. तिने लिहून ठेवलं: फाईलचं नाव, ओळ, कोणत्या रकमांवर फरक पडतो, किती पडतो. सप्टेंबरात मुलाने ती दीड दिवसात काढली.

आणि मग आभार.

आभाराच्या ओळी राजीनाम्यात नेहमी लांब असतात: शिकायला मिळालं, संधी मिळाली, मार्गदर्शन लाभलं. हिने एकाच रात्रीचे आभार मानले. ती रात्र मला आठवते. दिवाळीत ती कोकणात गेली होती, जॉब पडला. मी विचार केला की सणाचं पोरीला कशाला उठवायचं, आणि लॅपटॉप घेऊन बसलो. चार तास लागले. त्यातले साडेतीन तास जॉब नेमका कुठे अडतो ते शोधण्यात गेले, कारण लिहिलेलं कुठेच काही नव्हतं. परत आल्यावर तिने विचारलं, मी सांगितलं. ती “सॉरी” म्हणाली आणि विषय संपला, असं मला वाटलं होतं.

मेल पहिल्यांदा वाचला तेव्हा शेवटची ओळ मला चांगुलपणाची आठवण वाटली आणि बरं वाटलं. जून अखेरीस तिने लिहिलेला कागद हातात आला. रात्रीच्या जॉबचं पहिलंच पान: ‘जॉब पडला तर पहिली दहा मिनिटं.’ काय बघायचं, कोणत्या क्रमाने, कोणता लॉग, कोणती ओळ दिसली तर काय समजायचं. मधोमध एक खरं उदाहरण घेतलं होतं, टप्प्याटप्प्याने सोडवलेलं. उदाहरणाच्या वर तारीख होती. त्या दिवाळीतल्या रात्रीची.